दुखवटे स्वीकारले जाणार नाहीत

आमच्या नानांच्या निधनाची बातमी मराठीत एकशे दहा शब्दांची होती. ती आप्पांनी लिहिली, म्हणजे नानांच्या थोरल्या भावाने. आप्पा पेणच्या शाळेत चौतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाले आहेत. त्या एकशे दहा शब्दांसाठी त्यांनी रविवारची दुपार घातली, तीन कागद फाडले आणि चौथा नानांच्या मुलीला, आमच्या ताईला, वाचून दाखवला. त्याच बातमीचा इंग्रजी तर्जुमा जाहिरातीच्या एजन्सीत वीस मिनिटांत झाला आणि मंगळवारी मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात छापून आला. त्यात मजकुराची चार ठिकाणी मोडतोड झाली होती. त्यातली एक इतकी वाईट होती की ती मनातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

नाना एसटीच्या रामवाडीच्या विभागीय कार्यशाळेत होते. निवृत्तीनंतरही ते रामवाडीतच राहिले. मुलगा, म्हणजे आमचा दादा, मुंबईत. वहिनी तमिळ, माटुंग्याची. इंग्रजी बातमी हवी होती ती वहिनीच्या माहेरच्यांसाठी आणि दादाच्या कार्यालयातल्या मंडळींसाठी. दादाने मराठी मजकुराचा फोटो फोनवरून एजन्सीला पाठवला. तिथला माणूस म्हणाला, इंग्रजी आमच्याकडेच करून मिळते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मी अलिबागला खरेदीखते, फेरफार आणि वारसदाखले इंग्रजीत करून देतो, त्यावरच माझे घर चालते. पण सुतकात, पाहुण्यांच्या रगाड्यात, दादाला ते सुचले नाही आणि मलाही मी करतो म्हणायचे सुचले नाही.

मराठी मजकुराच्या शेवटी आप्पांनी एक ओळ वेगळी काढून लिहिली होती. आमच्या भागातल्या निधनाच्या बातम्यांत ती नेहमी दिसते: ‘टीप : दुखवटे स्वीकारले जाणार नाहीत.’ इंग्रजीत ती अशी छापून आली: ‘कन्डोलन्सेस विल नॉट बी ॲक्सेप्टेड.’

रायगडच्या बाहेरच्या वाचकांसाठी दुखवटा म्हणजे काय ते सांगतो. या शब्दाला तीन अर्थ आहेत आणि तिन्ही चालू वापरातले आहेत. पहिला शोकाचा काळ. मोठा नेता गेला की सरकार दुखवटा जाहीर करते, तो हा. दुसरा शोक कळवणे. ग्रामपंचायतीत किंवा पतपेढीच्या सभेत दुखवट्याचा ठराव मांडतात, तो हा. तिसरा अर्थ आमच्या बाजूला रोजचा आहे: मयताच्या घरच्यांना सोयऱ्याधायऱ्यांनी आणायचे कापड. कर्त्याला टॉवेल-टोपी, बाईमाणसाला साडी, कुठे पूर्ण पोशाख. दहाव्याला किंवा उत्तरकार्याला हे घेऊन लोक येतात. एकेका घरात पन्नास-साठ टॉवेल आणि तितक्याच टोप्या जमतात. त्या कुणाच्या उपयोगाच्या नसतात, आणि ज्याची ऐपत नाही त्यालाही रिकाम्या हाताने येण्याची लाज वाटते. ही लाज कुणाला वाटू नये म्हणून ती टीप घालतात. ती टीप गरीब पाहुण्याला दिलेला दिलासा आहे. ‘तुम्ही या, नुसते या,’ एवढेच ती सांगते.

भाषांतर करणाऱ्याने शब्दकोशातला दुसरा अर्थ उचलला. त्यामुळे ‘कापड आणू नका, नुसते या’ याचे इंग्रजीत ‘तुमचे सांत्वन आम्हाला नको’ असे झाले. व्याकरणात त्या इंग्रजी वाक्यात एकही चूक नाही आणि मला तेच जास्त लागते. शुद्धलेखनाची चूक असती तर वाचणाऱ्याला काहीतरी चुकले आहे असा संशय आला असता. शुद्ध वाक्यावर कुणी संशय घेत नाही. वहिनीच्या आईवडिलांनी ते मंगळवारी सकाळी वाचले आणि दोन दिवस फोन केला नाही. वहिनी रामवाडीला होती. आईचा फोन का येत नाही हे तिला कळेना, आणि इकडे घरात एवढी माणसे असताना आपण होऊन करावा असेही तिला वाटेना. गुरुवारी तिने केला, तेव्हा आईने विचारले, ‘तुमच्याकडे असे लिहायची रीत आहे का?’

बरोबर इंग्रजी कसे झाले असते? ‘गिफ्ट्स’ म्हणता येत नाही, कारण दुखवटा ही भेट नव्हे. ‘ऑफरिंग्ज’ म्हटले की देवळातला नैवेद्य डोळ्यांपुढे येतो. ‘इन ल्यू ऑफ फ्लॉवर्स’ ही इंग्रजांची चाल आहे. तिथे फुलांऐवजी एखाद्या संस्थेला देणगी द्या असे सुचवतात. आम्हाला काहीच सुचवायचे नव्हते. शेवटी मी साधे वाक्य केले: ‘कुटुंबीयांची विनंती आहे की कपडे किंवा आहेर आणू नये.’ इंग्रजीत ‘क्लोद्ज ऑर कस्टमरी प्रेझेंट्स’. हे सुंदर नाही, पण यामुळे कुणाचा फोन अडला नसता.

दुसरी मोडतोड दहाव्याची. ती समजायला थोडे गणित करावे लागते, आणि ते नीट सांगितलेले बरे, कारण प्रत्येक घरात कधी ना कधी ते करायची वेळ येते.

नाना गेले ते २०२४ च्या फेब्रुवारीत, रात्री एक चाळीसला. घड्याळाने आणि कॅलेंडरने ती रविवारची, ११ तारखेची पहाट. डॉक्टरांनी दाखल्यावर ११ लिहिले आणि ते बरोबर होते, कारण सरकारी दिवस मध्यरात्री बदलतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते तीही याच तारखेने. आप्पांनी बातमीत मात्र ‘शनिवार दि. १० रोजी रात्री’ असे लिहिले. तेही बरोबर होते. आपल्याकडे सूतक आणि क्रियाकर्म मोजताना दिवस सूर्योदयाला बदलतो असे बहुतेक घरांत धरतात. या बाबतीत पूर्वीपासून मते वेगवेगळी आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी लिहिलेल्या धर्मसिंधूत ती दिलेली आहेत: कुणी मध्यरात्र धरतो, कुणी रात्रीचे तीन भाग करून पहिले दोन भाग मागच्या दिवसात घालतो, कुणी सूर्योदय धरतो, आणि ज्या गावी जी चाल असेल ती पाळावी. फेब्रुवारीत आमच्याकडे रात्र साडेबारा तासांच्या आसपास असते. सूर्यास्त साडेसहाच्या सुमाराचा धरला तर दोन भाग पावणेतीनच्या पुढे संपतात. एक चाळीस त्याच्या आतच येते. म्हणजे तीन भागांचा हिशेब करा की सूर्योदयाचा, दिवस शनिवारच. गुरुजींना विचार करायला मिनिटही लागले नाही.

आता दहावा. यात निधनाचा दिवस पहिला म्हणून मोजतात. शनिवार १० हा पहिला, रविवार ११ दुसरा, असे मोजत गेले की सोमवार १९ हा दहावा. बारावा बुधवारी २१ ला आणि तेरावा गुरुवारी २२ ला. तारखेत नऊ मिळवले की दहावा निघतो, दहा मिळवले तर अकरावा येतो. आमच्या आज्या हे बोटांवर मोजत आणि पहिले बोट त्या दिवसाचेच धरत.

एजन्सीला जाहिरातीसोबत डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. कुणी जिवंत माणसाची खोटी बातमी छापू नये म्हणून हा नियम आहे आणि चांगला आहे. दाखल्यावर ११ तारीख दिसली म्हणून त्यांनी मजकुरातली १० खोडून ११ केली, तीही आम्हाला न विचारता. मग दहाव्याची तारीख त्यांना जुळेना. त्यांनी इंग्रजी पद्धतीने, म्हणजे ११ नंतर दहा दिवस, असे मोजले. उत्तर २१ आले. दादाला फोन करून ते म्हणाले, तुमच्या मजकुरात १९ चुकून पडले आहे, आम्ही २१ करतो. दादाने ठामपणे नाही सांगितले. १९ कायम राहिले, पण मग ११ ते १९ मोजून त्यांनी ‘टेन्थ डे’ काढला आणि ‘नाइन्थ डे सेरेमनी’ छापले.

आमच्यात नवव्या दिवसाचा लोकांना बोलावण्याचा विधी नाही. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी ‘नाइन्थ’ वाचून तारीखच चुकली असेल असे समजायचे आणि २० ला निघायचे, असा त्याचा सरळ परिणाम. दादाच्या कार्यालयातल्या दोघांनी तेच केले असते. त्यांनी आदल्या दिवशी विचारले म्हणून ते वाचले. १९ ला शिवजयंतीची सुटी होती आणि २० ला नव्हती, त्यामुळे त्यांना रजाही टाकावी लागली असती.

यावर उपाय सोपा आहे. इंग्रजी बातमीत निधनाची वेळ घालायची: ‘शनिवार १० च्या रात्री, मध्यरात्रीनंतर.’ एवढ्याने दाखला आणि पंचांग दोन्ही खरे ठरतात. आणि विधीला आकडा लावायचाच नाही. दशक्रिया हा शब्द रोमन अक्षरांत जसाच्या तसा लिहायचा, पुढे वार आणि तारीख. आकडा लावला की वाचणारा मोजायला बसतो, आणि इंग्रजीत मोजायला बसला की चुकतो.

हा शब्द तसाच ठेवावा असे मी दादाला म्हणालो तेव्हा तो म्हणाला, ‘इंग्रजी पेपरात दशक्रिया कोण वाचणार?’ मला या प्रश्नाचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. मुंबईच्या इंग्रजी दैनिकांचे निधनाचे पान त्याने कधी नीट पाहिलेले नाही. त्या पानावर पारशी मंडळींच्या जाहिराती असतात. त्यांत ‘पायदस्त’ असते आणि ‘उठमणा’ असतो, वेळेसह, डुंगरवाडीच्या बंगलीच्या नावासह. पायदस्त म्हणजे देह नेण्याची यात्रा, उठमणा तिसऱ्या दिवशी दुपारचा. हे शब्द त्यांनी ‘प्रोसेशन’ आणि ‘थर्ड डे सेरेमनी’ असे कधी केले नाहीत. इंग्रजी उत्तम येणाऱ्या समाजाने हे केले नाही, हे लक्षात घ्या. त्याच पानावर गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या जाहिरातींत ‘मन्थ्स माइंड मास’ असते, म्हणजे महिन्याने होणारा मिस्सा. तो शब्द इंग्रजीतच जुना आहे आणि आजच्या साध्या इंग्रजी वाचकाला कळत नाही, तरी ते ‘मन्थली प्रेअर’ करत नाहीत. तमिळ घरांच्या बातम्यांत ‘शुभस्वीकारम्’ असतो. गुजराती ‘बेसणुं’ ठेवतात. या सगळ्यांच्या शेजारी मराठी घराची बातमी असते आणि तिच्यात ‘प्रेअर मीट’, ‘रिच्युअल्स’ आणि ‘सेरेमनी’ असते. आमच्या दहाव्याला प्रार्थनासभा भरत नाही. पिंड ठेवतात, आणि कावळा शिवायची वाट पाहत माणसे गप्प उभी राहतात. इतक्या वेगळ्या गोष्टीला ‘मीट’ म्हणायचे कारण एकच, की आम्हाला आमचा शब्द छापायला संकोच वाटतो.

एजन्सीच्या फॉर्मवर प्रकार निवडायचा रकाना होता. त्यात प्रेअर मीट होती, उठावणा होता, चौथा होता. दशक्रिया नव्हती. महाराष्ट्रातली एजन्सी, पण रकान्यात मराठी घरचा विधी नाही. आमच्यापैकी कुणी तो कधी मागितलाच नसेल तर तो तिथे येणार कसा?

शिवाय इथे ठिकाणाचा प्रश्न होता. आमच्या नात्यातल्या बहुतेकांची दशक्रिया सुधागड तालुक्यात, उद्धरला रामेश्वराच्या देवळाशी होते. रामाने जटायूचे क्रियाकर्म तिथे केले, त्याचा उद्धार केला, म्हणून ते नाव, असे लोक मानतात. ज्यांना जमते ते हरिहरेश्वरला जातात. आप्पांनी लिहिले होते: ‘दशक्रिया विधी श्रीक्षेत्र उद्धर येथे आणि उत्तरकार्य राहत्या घरी.’ इंग्रजीत ‘श्रीक्षेत्र उद्धर’ गळाले, कारण ओळी वाढत होत्या आणि पैसे ओळीवर होते. उरले ते ‘नाइन्थ डे सेरेमनी अँड पोस्ट-फ्युनरल फंक्शन ॲट रेसिडेन्स’. म्हणजे दोन्ही घरीच. सोमवारी घराला कुलूप असणार होते, सगळे उद्धरला. जो बाहेरचा माणूस ती बातमी वाचून रामवाडीला आला असता तो बंद दारापुढे उभा राहिला असता. आणि ‘फंक्शन’ हा शब्द मला कुणी बारशालाही वापरलेला आवडत नाही.

उत्तरकार्य हा आमच्या भागातला शब्द आहे. घाटावर बारावा-तेरावा म्हणतात. बाराव्याला सपिंडी होते, गेलेल्याचा पिंड आधीच्या पितरांच्या पिंडांत मिसळतात, आणि मग सूतक संपून घर मोकळे होते. इंग्रजीत याला एका शब्दाचा जोड नाही आणि नसू दे. ‘उत्तरकार्य’ असेच लिहावे, पुढे वार आणि ‘राहत्या घरी’. ज्याला यायचे आहे त्याला दिवस आणि जागा कळली की पुरे.

तिसरी गोष्ट अंत्यसंस्काराची. इंग्रजीत ती ‘लास्ट राइट्स’ झाली. इंग्रजी वर्तमानपत्रांत हे इतके रुळले आहे की चूक म्हणायलाही जड जाते. मूळ कॅथॉलिक अर्थाने ‘लास्ट राइट्स’ माणूस जिवंत असताना होतात. मरणाच्या दारातल्या माणसाकडे धर्मगुरू येतात, पापनिवेदन ऐकतात, तेलाने अभ्यंग करतात, अखेरचा ख्रिस्तप्रसाद देतात. आमच्या जिल्ह्यात कोर्लईला ख्रिस्ती वस्ती आहे. तिथल्या माणसाला ‘लास्ट राइट्स वेअर परफॉर्म्ड ऑन संडे मॉर्निंग’ हे वाक्य शनिवारी रात्री गेलेल्या माणसाबद्दल वाचून अडखळायला होईल. ‘क्रिमेटेड’ हा शब्द नेमका आहे, छोटा आहे, आणि काय झाले ते सांगतो. तो कठोर वाटतो म्हणून टाळतात. मराठीत ‘अग्नी दिला’ म्हणताना आपण टाळत नाही.

पण ‘लास्ट राइट्स वेअर परफॉर्म्ड’ यावरचा माझा खरा राग वेगळा आहे. आप्पांनी लिहिलेले वाक्य असे होते: ‘रविवारी सकाळी त्यांच्या इच्छेनुसार कन्येने अग्नी दिला.’ इंग्रजी वाक्यात कर्ताच नाही. ताई गेली.

नानांच्या शेवटच्या अकरा वर्षांत ताईने त्यांचे सगळे केले. नानांनी दोन वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते की मडके ताई धरेल. दादाने ते मान्य केले आणि तिरडी उचलायच्या आधी सगळ्यांसमक्ष बोलून दाखवले. ताईने खांद्यावर पाण्याचे मडके घेतले, चितेला फेऱ्या घातल्या, प्रत्येक फेरीला मागून अश्म्याने मडक्याला भोक पडत गेले, धार लागली, शेवटी तिने पाठमोरे होऊन ते सोडले. आमच्या नात्यात हे पहिल्यांदा झाले. दोघे-तिघे स्मशानाच्या कडेलाच थांबले, आत आले नाहीत. त्यांनीही वाचावे म्हणून आप्पांनी ते वाक्य घातले होते. ‘कन्येने’ या एका शब्दावर ते किती वेळ बसले होते ते मी पाहिले आहे. आधी ‘मुलीने’, मग ‘सुकन्येने’, मग ‘कन्येने’. ‘मुखाग्नी’ त्यांनी येऊ दिले नाही. तो हिंदीतून आलेला शब्द आहे, आणि आपल्याकडे ‘अग्नी देणे’ असताना तो आणू नये असे त्यांचे म्हणणे होते.

हे कर्ता गाळणे जुने आहे. महात्मा फुले २८ नोव्हेंबर १८९० ला पुण्यात गेले. दहनाच्या वेळी नातलगांनी दत्तक मुलगा यशवंतच्या हक्कावर आक्षेप घेतला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी टिटवे धरले. मराठीत हा शब्द सांभाळलेला आहे. अंत्ययात्रेपुढे टिटवे धरून चालणे म्हणजे कर्ता कोण ते चारचौघांत, रस्त्याने जाताना दाखवणे. हक्काचा वाद तिथेच होता. इंग्रजीत मात्र बहुतेक ठिकाणी त्यांनी चिता पेटवली एवढेच वाचायला मिळते. चिता पेटवणे ही शेवटची पायरी. टिटवे धरून सगळ्या लोकांतून चालत जाणे त्यात येत नाही. तरी तिथे निदान सावित्रीबाई वाक्यात असतात. आमच्या बातमीत ताई नव्हतीच.

एक गोष्ट मात्र इंग्रजीतून मीच काढली असती, आणि आप्पांशी माझा तेवढाच मतभेद आहे. त्यांनी लिहिले होते, ‘अखेरचे पाच दिवस अन्नपाणी सोडून त्यांनी शांतपणे देह ठेवला.’ मराठी वाचकाला यात वावगे काही दिसत नाही. म्हातारा माणूस जाताना अन्नपाणी सोडतो, घरचे आग्रह करतात, मग आग्रहही सोडतात. आमच्या पेण तालुक्याला तर हे अधिकच कळते. गागोदे हे विनोबांचे जन्मगाव याच तालुक्यातले. १९८२ च्या नोव्हेंबरात त्यांनी पवनारला अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि १५ तारखेला देह ठेवला. आपण त्याला प्रायोपवेशन म्हणतो. इंग्रजीत ‘फास्ट अनटू डेथ’ म्हटले की त्याचे आमरण उपोषण होते, म्हणजे कुणाकडे तरी काही मागणी. ‘रिफ्यूज्ड फूड अँड वॉटर’ म्हटले की वाचणारा विचारतो, डॉक्टरांना का नाही बोलावले. एजन्सीने ‘आफ्टर फास्टिंग फॉर फाइव्ह डेज’ केले. नाना उपास करत नव्हते, त्यांच्या घशाखाली घोट उतरत नव्हता. इथे मी ‘पीसफुली, ऑफ ओल्ड एज’ लिहिले असते आणि पाच दिवस घरापुरते ठेवले असते. आप्पा म्हणतात, खरे ते लिहावे. मी म्हणतो, दुसऱ्या भाषेत खोटे होणारे खरे लिहू नये.

गुरुवारी वहिनीच्या आईशी बोलणे झाल्यावर मी त्या रात्री सगळा मजकूर नव्याने इंग्रजीत केला. सुरुवातीचे ‘लेट श्री’ काढले. बातमी छापेपर्यंत माणूस कैलासवासी झालेला असतो हे खरे, पण गेलेला माणूस पुन्हा जात नाही. ‘कै. अमुक यांचे निधन झाले’ हे मराठीतही चूकच. मग रात्र आणि मध्यरात्र, ‘क्रिमेटेड, द पायर लिट बाय हिज डॉटर, ॲज ही विश्ड’, मग दशक्रिया, सोमवार १९, श्रीक्षेत्र उद्धर, सुधागड तालुका. उत्तरकार्य, बुधवार २१, राहत्या घरी, रामवाडी, पेण. शेवटी कपड्यांची ओळ. आधीच्यापेक्षा दोन ओळी वाढल्या. एजन्सीला चूक दाखवली तेव्हा तिथल्या माणसाने सांगितले की मजकूर मंजूर केल्याचा दादाचा संदेश त्यांच्याकडे आहे, त्यामुळे दुरुस्ती नवी जाहिरात म्हणून घ्यावी लागेल. संदेश होता हे खरे. दादाने रात्री अकराला ‘ओके’ लिहिले होते. घरात माणूस गेलेल्याने रात्री अकराला फोनच्या पडद्यावर इंग्रजी मजकूर तपासायचा असतो असे त्यांना वाटते. पैसे पुन्हा भरले आणि शनिवारी, १७ तारखेला, ती छापून आली.

‘एवढ्या बारीक गोष्टींसाठी,’ असे दादा म्हणाला. ताईने तो कागद घेतला, ‘बाय हिज डॉटर’ वर बोट ठेवले आणि काही न बोलता तो नानांच्या फोटोमागे ठेवला.

सोमवारी आम्ही पहाटेच निघालो. महामार्गाने वाकण फाट्यापर्यंत आणि तिथून पालीच्या रस्त्याने उद्धरला. वहिनीचे वडील माटुंग्याहून आदल्या रात्रीच निघाले होते. पिंड ठेवल्यावर कावळा बराच वेळ आला नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या बेतात होते, तेवढ्यात आप्पा पुढे झाले आणि ताईचे आम्ही बघू म्हणाले, आणि एक कावळा खाली उतरला. वहिनीचे वडील शेवटपर्यंत उभे होते. त्यांच्याकडेही हे असेच असते, फक्त शब्द वेगळे, असे ते मला म्हणाले.

परतताना त्यांनी खिशातून एक पाकीट काढून ताईच्या हातात दिले. सांत्वनाचे पत्र होते, हाताने लिहिलेले, इंग्रजीत, दोन पाने भरून. वर तारीख १३ फेब्रुवारी, मंगळवार. पाकिटावर पत्ता आणि तिकीटही होते.